खोडावरचा पक्षी कोणता? लखनौच्या झाडांवरील सुतार, तांबट आणि धनेश

लखनौ शहरात सुतार, तांबट आणि धनेश हे तिन्ही पक्षी एकाच झाडावर दिसतात, आणि विणीच्या दिवसांत तर तिन्ही ढोलीच्या तोंडाशी खोडाला धरून असलेले आढळतात. रेसिडेन्सीच्या आवारातली जुनी झाडे, सिकंदर बागेतले राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे उद्यान, कुकरैलचे राखीव वन आणि मलिहाबादकडच्या आमराया ही त्यांची ठरलेली ठिकाणे. या परिसरातल्या पक्ष्यांची नोंद जुनी आहे. जॉर्ज रीड यांनी लखनौ विभागातील पक्ष्यांची सविस्तर यादी १८८१ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापली होती. तेव्हा ओळख पटवण्यासाठी पक्षी हातात असे. आज हातात असते ते छायाचित्र, आणि पुष्कळदा ते प्रकाशाच्या विरुद्ध दिशेने, दाट पानांच्या सावलीत किंवा डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात घेतलेले असते.

चांगल्या उजेडातल्या चित्रात अडचण येत नाही. सोनपाठी सुताराची सोनेरी पाठ, तांबटाचे हिरवे अंग आणि धनेशाचा राखी रंग कोणालाही वेगळे ओळखता येतात. अडचण येते ती रंग नाहीसा होऊन नुसती आकृती उरते तेव्हा. अशा वेळी बहुतेकांची नजर आकारमानाकडे जाते, आणि नेमके तेच इथे फसवते. लखनौत सर्रास दिसणारा सोनपाठी सुतार २६ ते २९ सेंटिमीटर लांब असतो, तर तपकिरी डोक्याचा तांबट सुमारे २७ सेंटिमीटर. मराठा सुतार १७-१८ सेंटिमीटर, तर लहान तांबट, म्हणजे उन्हाळ्यात दुपारभर टुक-टुक करणारा, १५ ते १७. मोठ्या सुताराला मोठा तांबट आणि लहान सुताराला लहान तांबट असे जवळपास सारख्या मापाचे जोड निसर्गानेच लावून ठेवले आहेत. या सुतारांहून लहान असा तपकिरी टोपीचा पिटुकला सुतार मात्र जेमतेम १३ सेंटिमीटरचा असतो. राखी धनेश तेवढा वेगळा आहे. त्याची लांबी सुमारे ६० सेंटिमीटर भरते, पण त्यातला मोठा वाटा शेपटीचा असतो, आणि शेपटी पानांआड गेली तर तोही लहान वाटू लागतो. म्हणून आकृतीवरून ओळख करायची असेल तर लांबी बाजूला ठेवून तीन गोष्टी पाहाव्या लागतात: चोचीचा आकार, खोडाला धरण्याची ढब आणि शेपटीचा वापर.

या तिघांतले नातेही ध्यानात ठेवलेले बरे. सुतार आणि तांबट एकाच गणातले आहेत. दोघांच्या पायांना दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, दोघेही घरट्यासाठी स्वतः लाकूड कोरतात. धनेश मात्र वेगळ्या गणातला, हुदहुदचा आप्त. त्याची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते, पुढच्या बोटांचे बूड एकमेकांना जोडलेले असते, आणि तो ढोली कोरत नाही, आयती शोधतो. त्यामुळे बोटांवरून धनेश वेगळा काढता येतो, पण सुतार आणि तांबट यांच्यात बोटे काहीच सांगत नाहीत. चित्र मोठे करून बोटे मोजणारे हौशी निरीक्षक नेमके या ठिकाणी चुकीच्या खात्रीने बोलतात. दोन बोटे पुढे दिसली म्हणजे सुतार, असे म्हणता येत नाही.

चोचीपासून सुरुवात करणे स्वाभाविक आहे, कारण चित्रात ती आधी नजरेत भरते. सुताराची चोच सरळ असते. वरची कड जवळजवळ सरळ रेषेत जाते, बूड रुंद असते आणि टोक पटाशीसारखे आडवे, धारदार असते. सोनपाठी सुताराच्या चोचीची लांबी तिच्या बुडाशी असलेल्या उंचीच्या तिपटीहून जास्त भरते. तांबटाची चोच जाड, शंकूच्या आकाराची आणि डोक्याच्या मानाने आखूड असते. तिची वरची कड टोकाकडे हलकेच वाकते. लांबी बुडाच्या उंचीच्या ढोबळ मानाने दुप्पट. चोचीच्या मुळाशी तांबटाला राठ केस असतात आणि जवळच्या चित्रात ते आकृतीच्या कडेवरही उठून दिसतात. धनेशाची चोच लांब, दोन्ही बाजूंनी चपटी आणि खाली वळलेली असते, आणि तिच्यावर एक लहान टोकदार शिंग असते. राखी धनेशाचे हे शिंग फार मोठे नसते. नराचे मोठे, मादीचे त्याहून लहान, आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलाला तर ते नसतेच म्हटले तरी चालेल.

चोचीचा हा पुरावा बाजूने घेतलेल्या चित्रातच भक्कम असतो. पक्ष्याचे तोंड कॅमेऱ्याकडे थोडे जरी वळले तरी चोचीची दिसणारी लांबी घटते, पण तिची उंची तेवढीच राहते. म्हणजे सुताराची लांब चोच चित्रात आखूड आणि जाड होते, आणि सुताराचा तांबट बनतो. याच्या उलट कधी होत नाही. तांबटाची आखूड चोच कोणत्याही कोनातून लांब दिसू शकत नाही. हा एकतर्फीपणा फार उपयोगी आहे. चित्रात चोच लांब आणि सरळ दिसत असेल तर तांबट बाद करता येतो, पण चोच आखूड दिसते एवढ्यावरून सुतार बाद करता येत नाही. तोंड किती वळले आहे याचा अंदाज डोळ्यांवरून येतो. एकच डोळा दिसत असेल आणि तो डोक्याच्या आकृतीच्या मधोमध असेल, तर चित्र बाजूने घेतलेले आहे. डोळा कडेला सरकला असेल किंवा दुसऱ्या डोळ्याची कडही दिसत असेल, तर चोचीच्या लांबीवर विसंबू नये.

धनेशाच्या बाबतीत चोच वळली तरी तिचा वाक काही अंशी टिकतो, मात्र नेमका समोरून घेतलेला फोटो त्याचीही ओळख लपवतो. समोरून धनेशाची चोच एका अरुंद उभ्या पट्टीसारखी दिसते. अशा चित्रात ओळख मानेवरून करावी लागते. धनेशाची मान लांब आणि लवचिक दिसते, सुताराची बारीक, तर तांबटाला मान आहे की नाही असा प्रश्न पडतो.

चोचीत काय आहे यावरूनही लोक निष्कर्ष काढतात. वड, पिंपळ, उंबर आणि पाकड यांची फळे पिकली की तांबट आणि धनेश दोघेही तिथे जमतात, आणि चोचीत फळ असलेला पक्षी सुतार नसणार असे गृहीत धरले जाते. पण सोनपाठी सुतारही अधूनमधून फळे खातो, फुलांतला मधही पितो. तांबट किडे टिपतो आणि धनेश सरड्यापासून पक्ष्यांच्या पिलांपर्यंत बरेच काही खातो. चोचीतला घास फार तर दुय्यम पुरावा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे खोडाला धरण्याची ढब. सुतार उभ्या खोडावर असतो तेव्हा त्याचे दोन्ही पाय शरीराच्या मानाने पुढे आणि एकमेकांपासून दूर रोवलेले असतात. मागच्या दोन बोटांपैकी बाहेरचे बोट तो बाजूला वळवू शकतो, त्यामुळे पकड आडवी पसरते. छाती खोडापासून दूर असते आणि छाती, पाय व साल यांच्यामध्ये एक मोकळा त्रिकोण दिसतो. आघात करायला डोके मागे नेता यावे म्हणून हे अंतर त्याला लागते. बाजूने घेतलेल्या चित्रात या त्रिकोणातून मागचा उजेड दिसतो, आणि आकृती कितीही काळी असली तरी तो लपत नाही.

तांबट खोडाला धरतो तो बहुधा ढोलीच्या तोंडाशीच. सुताराप्रमाणे तो खोडावर हिंडत नाही, बुंध्यावरून वर चढत सालीखालचे किडे शोधत नाही. ढोलीशी असताना त्याचे अंग सालीच्या जवळ असते, पोट जवळजवळ टेकलेले, पाय छातीखाली, आणि नखे ढोलीच्या कडेत रुतलेली. मोकळा त्रिकोण दिसत नाही. डोके ढोलीच्या आत असेल तर त्याची आकृती खोडाला चिकटलेल्या एका जाड गोळ्यासारखी वाटते. लहान तांबट ढोली बऱ्याचदा आडव्या किंवा तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला कोरतो. तिथे तो फांदीला खालून लटकलेला दिसतो आणि त्याची पाठ जमिनीकडे असते. वाळकी फांदी, खालून पाडलेले गोल भोक आणि त्याला लटकलेला चिमणीएवढा पक्षी असे चित्र असेल, तर लहान तांबटाचा विचार आधी करावा. मराठा सुतारही वाळक्या फांद्यांच्या खालच्या बाजूला काम करतो, पण त्याच्या फांदीभर हालचाली चालू असतात. तांबट एकाच भोकाशी पुन्हा पुन्हा येतो. चित्रांची मालिका असेल तर हा फरक सहज कळतो, एका चित्रात कळत नाही.

धनेश एरवी फांदीवर आडवा बसतो, शरीर तिरपे आणि शेपटी मागे मोकळी लोंबणारी. उभ्या खोडाला तो धरतो ते घरट्यापाशी. एप्रिल ते जून या काळात मादी ढोलीत शिरून तिचे तोंड आपल्या विष्ठेने लिंपून घेते, आणि एक अरुंद उभी फट ठेवते. नर त्या फटीशी येऊन, गिळून आणलेली फळे एकेक करून बाहेर काढतो आणि आत देतो. तेवढा वेळ तो सालीच्या खडबडीत भागाला धरून असतो. पंख बहुधा अर्धवट उघडे, मान पुढे ताणलेली, अंग एका बाजूला कललेले. पकड जमवताना होणारी धडपड चित्रात दिसते. सुताराची स्थिर बैठक पाहिलेल्या डोळ्याला हा पक्षी इथे पाहुणा आहे हे लगेच जाणवते.

तिसरी आणि सर्वांत विश्वासाची गोष्ट म्हणजे शेपटी, आणि तिच्यासाठी थोडे यंत्रशास्त्र समजून घ्यावे लागते. उभ्या खोडावर असलेल्या पक्ष्याचे वजन त्याला खाली ओढते. वजनाचा मध्य खोडापासून दूर असल्याने तो मागे कलंडायलाही पाहतो. पाय त्याला खोडाकडे ओढून धरतात, पण खाली कोणीतरी खोडावर उलटा रेटा द्यावा लागतो. हा रेटा सुताराची शेपटी देते. पाय आणि शेपटीचे टोक यांच्यात जितके जास्त अंतर, तितकी पायांवरची ओढ कमी. म्हणून सुतार पाय वर आणि शेपटी खाली असे लांब अंतर ठेवतो. लाकडावर आघात केला की डोक्याला बसणारा उलटा धक्काही शेवटी याच टेकूवर येतो.

हे काम साध्या पिसांना झेपत नाही. सुताराच्या शेपटीतील मधल्या पिसांचे दांडे जाड आणि ताठ असतात, पिसांची टोके निमुळती असतात, आणि पिसांचा तंतुभारही राठ असतो. शेपटी बाहेरच्या बाजूला फुगीर आणि खोडाच्या बाजूला खोलगट वळते. सालीवर घासून टोके झिजतात, त्यामुळे जवळच्या चित्रात टोकाशी दोन-तीन वेगवेगळे सुळे दिसतात. या शेपटीवर सुताराचे जगणे किती अवलंबून आहे हे तिच्या पीसगळीवरून कळते. बहुतेक पक्ष्यांत शेपटीची मधली जोडी आधी गळते. सुतारात ती सर्वांत शेवटी गळते, आजूबाजूची पिसे पुन्हा वाढून टेकू द्यायला तयार झाल्यावर. म्हणजे वर्षातल्या कोणत्याही दिवशी त्याचा टेकू शाबूत असतो, आणि कोणत्याही महिन्यातल्या चित्रात हा पुरावा शोधता येतो.

चित्रात टेकू कसा ओळखायचा? नुसती शेपटी सालीला लागलेली दिसणे पुरेसे नाही. तांबटही ढोलीशी असताना आखूड शेपटी खोडाला टेकवतो, आणि धनेशही तोल सावरताना लांब शेपटी सालीवर दाबतो. पाहायचे ते हे की शेपटीवर भार आहे का. भार असलेली सुताराची शेपटी शरीराच्या रेषेपासून खोडाकडे वळते, तिची फक्त टोके सालीला लागतात आणि मधला भाग किंचित कमानीसारखा खोडापासून सुटलेला असतो. तांबटाच्या शेपटीत ताठ दांडे नाहीत. तिचे टोक चौकोनी किंवा किंचित गोलसर असते, आणि ती सालीवर सपाट पडते. धनेशाची शेपटी लांब आणि पायऱ्यापायऱ्यांची, मधली पिसे सर्वांत लांब. सालीवर दाबली तर ती एका बाजूला पसरते आणि वाकते, पण ताणलेली दिसत नाही. तिच्या पिसांच्या टोकांना पांढरा रंग आणि त्याच्या अलीकडे गडद पट्टा असतो. खालून घेतलेल्या चित्रात ही पांढरी टोके ओळखीला पुष्कळदा पुरतात.

इथे एक सूक्ष्म गोष्ट सांगण्याजोगी आहे. मोठा तांबट आणि सोनपाठी सुतार यांच्या शेपटीच्या लांबीत फार फरक नाही. शेपटी आखूड म्हणजे तांबट हा नियम लहान तांबटाला लागू पडतो, कारण त्याची शेपटी खरोखरच खुडल्यासारखी असते. मोठ्या तांबटाला तो लावला तर चुका होतात. त्याच्या बाबतीत टोकाचा आकार आणि शेपटीवरचा भार पाहावा, लांबी नव्हे.

छायाचित्रामुळेच होणाऱ्या चुका या तिन्ही खुणांच्या आड येतात. त्यांतली सर्वांत घातक म्हणजे चित्र फिरवणे. मोबाइलवर उभे-आडवे बदलताना किंवा पक्षी मधोमध यावा म्हणून चित्र कापताना आडवी फांदी उभ्या खोडासारखी होते. मग फांदीवर साधा बसलेला पक्षी खोडाला लटकलेला दिसतो आणि त्याची मोकळी शेपटी टेकूसारखी वाटते. अशा चित्रात आधी गुरुत्वाची दिशा शोधावी. पानांचे देठ कोणत्या बाजूला लोंबतात, शेंगा किंवा वाळकी पाने कुठे लटकतात, पोपडा सुटलेली साल कोणत्या बाजूला झुकली आहे, यावरून खाली कोणती बाजू ते कळते. ते ठरल्याशिवाय ढब किंवा शेपटी यांवर एक शब्दही बोलू नये.

दुसरी चूक एका क्षणाला सगळे सत्य मानण्याची. सुतार खोडावर उड्या मारत चढतो. उडी मारताना दोन्ही पाय एकदमच सुटतात आणि शेपटीही क्षणभर सालीपासून उचलली जाते. नेमक्या त्या क्षणी टिपलेल्या चित्रात टेकू नसतो. सुतार उतरतो तेही शेपटी खाली ठेवून, मागे मागे सरकत. डोके खाली करून खोडावरून उतरणारा पक्षी दिसला तर या तिघांपेक्षा शिलींध्रीचा, म्हणजे खोडावर डोके खाली करून सहज फिरणाऱ्या छोट्या निळसर पक्ष्याचा विचार करावा. सुतार कधीकधी आडव्या फांदीवर इतर पक्ष्यांसारखा आडवाही बसतो, आणि लहान सुतार हे जास्त वेळा करतात. तिथेही टेकू नसतो, पण शेपटीची निमुळती टोके तिथेही दिसतात. म्हणून टेकू दिसला तर तो सुताराच्या बाजूचा मोठा पुरावा, आणि न दिसला तर त्याचे वजन थोडेच.

तिसरी गोष्ट ढोलीची. ढोलीशी पक्षी दिसला म्हणून ती त्याचीच, असे नव्हे. पोपट, साळुंकी आणि इतर अनेक पक्षी सुतार-तांबटांनी कोरलेल्या ढोल्या बळकावतात. पोपटाच्याही पायाला दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, आणि त्याची जाड वाकलेली चोच सावलीत तांबटाच्या चोचीसारखी भासू शकते. लांब टोकदार शेपटी मात्र त्याला लगेच वेगळा पाडते.

एक नमुना सविस्तर पाहिला तर या खुणा कोणत्या क्रमाने वापरायच्या ते स्पष्ट होईल. समजा, मार्च महिन्यात कुकरैलच्या वनात घेतलेले चित्र आहे. सकाळचे ऊन झाडाच्या मागे आहे आणि पक्षी पूर्ण काळा दिसतो. वाळलेल्या खोडात एक गोल भोक आहे, त्याच्या कडेला पक्षी आहे, तोंड भोकाकडे पण थोडे कॅमेऱ्याच्या बाजूला वळलेले. चोच आखूड आणि जाड दिसते. डोक्यावर शेंडी दिसत नाही. खोडाची जाडी पाहता पक्षी साळुंकीपेक्षा मोठा वाटतो.

पहिला विचार मोठ्या तांबटाचा येतो. चोच आखूड, भोक गोल, महिना विणीचा. पण यातला एकही पुरावा टिकत नाही. तोंड वळलेले असल्याने चोचीची लांबी कमी दिसणारच. भोक सुतारही गोलच कोरतो. सोनपाठी सुतार फेब्रुवारी ते जुलै या काळात वीण करतो आणि तांबटाचाही हंगाम जवळपास तोच. शेंडी नसणेही निर्णायक नाही, कारण सुताराची शेंडी डोक्यामागे असते आणि डोके मागे टाकलेले किंवा कॅमेऱ्याकडे वळलेले असताना ती पाठीच्या आकृतीत मिसळते. म्हणजे आतापर्यंत हातात काहीच नाही.

मग खाली पाहावे. आधी दिशा: भोकाखालच्या एका फांदीवर वाळकी पाने देठाला सरळ लोंबलेली आहेत, तेव्हा खोड खरोखरच उभे आहे. आता पक्षी आणि साल यांच्यातली जागा. छातीखाली उजेडाचा एक बारीक तुकडा दिसतो, पण तो एखाद्या फांदीमुळे पडलेला असू शकतो. चित्र मोठे केल्यावर त्याच्या दोन बाजू पायांच्या रेषांनी बांधलेल्या दिसतात. हे सुताराच्या बाजूचे आहे, पण अजून पुरेसे नाही. शेवटी शेपटी. तिचे टोक सालीला लागलेले आहे आणि टोकाच्या वर शेपटी व खोड यांच्यात अगदी पातळ पण अखंड उजेडाची कमान दिसते. टोकाशी दोन सुळे वेगळे काढता येतात. सालीवर सपाट पडलेल्या शेपटीत अशी कमान पडत नाही आणि तांबटाच्या चौकोनी टोकात असे सुळे नसतात. आता हा सोनपाठी सुतार आहे असे म्हणता येते. पहिला विचार ज्या तीन पुराव्यांवर उभा होता ते तिन्ही दोघांनाही लागू होते, आणि ओळख ठरवली ती सर्वांत शेवटी पाहिलेल्या गोष्टीने.

हाच नमुना थोडा बदलून पाहावा. तेच खोड, तोच पक्षी, पण शेपटी खोडाच्या वळणामागे लपलेली आणि छातीखालचा उजेडाचा तुकडाही दिसत नाही. मग उरते काय? वळलेली चोच, गोल भोक आणि मार्च महिना. एवढ्यावर 'सुतार किंवा मोठा तांबट' अशीच नोंद करणे योग्य. पुष्कळ लोकांना ही नोंद अपुरी वाटते. पण लखनौच्या बागेतल्या नोंदी पुढे वर्षानुवर्षे वापरल्या जातात, आणि खात्रीने लिहिलेली चुकीची नोंद शोधून काढणे अपुरी नोंद पूर्ण करण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

धनेशाच्या चित्रांत अशी कोंडी क्वचित होते, पण विणीच्या शेवटी एक काळ असा येतो की त्याच्या नेहमीच्या खुणा विरळ होतात. मादी कोंडून घेतलेली असताना तिची उड्डाणाची पिसे झडून नवी येतात, आणि आतल्या अरुंद जागेत शेपटी पाठीवर उभी धरून तिला राहावे लागते. ती बाहेर पडते तेव्हा शेपटी मळकी, कधी वाकलेली किंवा अपुरी वाढलेली असते. पिलांची चोच लहान, शिंग नसलेली. मे-जूनमध्ये अशा पिलाचे चित्र मिळाले तर चोचीच्या मापावरून भलताच पक्षी ठरवला जाण्याची शक्यता असते. तेव्हा दोन गोष्टी उपयोगी पडतात. चोच लहान असली तरी तिचा खाली वळणारा वाक पिलातही असतो, आणि ढोलीच्या तोंडाशी लिंपणाचे उरलेले थर दिसतात. लिंपलेली ढोली सुताराची किंवा तांबटाची नसते.

मराठी वाचकाला एक सोय लखनौत मिळते. सह्याद्रीत राखी धनेशाशिवाय मलबारी राखी धनेशही भेटतो आणि त्याला शिंग नसते, तेव्हा तिथे शिंग असणे-नसणे ओळखीचा भाग होतो. लखनौत ही अडचण येत नाही, इथला धनेश एकच. मलबारी तांबट आणि पांढऱ्या गालाचा तांबटही इथे नाहीत, त्यामुळे कोकणात किंवा पश्चिम घाटात ओळख शिकलेल्याला मोजके पर्याय तपासावे लागतात. मराठा सुताराचे शास्त्रीय नाव 'मराठ्यांच्या मुलखातला' या अर्थाचे असले तरी तो लखनौच्या आंब्यांवरही तितकाच घरचा आहे. उत्तरेला तराईत, दुधवा आणि कतर्नियाघाटच्या जंगलात मात्र चित्र बदलते. तिथे रेषाळ तांबट आणि काळा-पांढरा धनेश यांची भर पडते, आणि सोनेरी पाठीचे दुसरे सुतारही येतात. पाठ सोनेरी असलेल्या सुतारांत गळा आणि कंबर दोन्ही काळी असणारा सोनपाठी सुतार एकटाच, म्हणून तराईतल्या चित्रात कंबरेचा रंग पाहावा लागतो आणि नुसती आकृती जातीपर्यंत नेत नाही. कुळापर्यंतची ओळख मात्र तिथेही शेपटीवरूनच होते, कारण ताठ दांड्याची टोकदार शेपटी त्या सगळ्या सुतारांत सारखीच आहे.

हिवाळ्यात लखनौत येणारा मानमोडी हा या नियमाचा एकच अपवाद. तो सुतारांच्या कुळातला, पायांची बोटेही तशीच, पण शेपटी मऊ आणि चोच आखूड. खोडावर तो क्वचितच काम करतो, जमिनीवर मुंग्या टिपतो आणि फांदीवर आडवा बसतो. त्याच्या चित्रात टेकू शोधून उपयोग नाही. सालीसारखी करडी-तपकिरी नक्षी आणि पाठीवरून जाणारा गडद पट्टा हीच त्याची ओळख.